एकशे वीस खोक्यांची दिवाळी

कंपन्यांनी दिवाळीला कर्मचाऱ्यांना आणि ग्राहकांना द्यायच्या भेटींचा धंदा दोन हंगामी गरजांवर उभा असतो. कंपनीला एकाच वेळी, एकाच दर्जाची, आपल्या नावाची शंभर-दोनशे खोकी हवी असतात आणि ती जमवायला तिच्याकडे ना माणूस असतो ना वेळ. बाजारात काजू, पणत्या, फराळ आणि पुठ्ठ्याचे डबे वेगवेगळ्या पेठांत मिळतात. ते एकत्र आणून, नेटके बसवून, ठरल्या दिवशी रिसेप्शनवर पोहोचवण्याचे काम हॅम्पर करणारा विकतो. रंगसंगती आणि फीत बांधण्याचे कौशल्य यात लागतेच. पण पैसे राहतात की जातात ते बहुधा तीन गोष्टींवर ठरते: खोक्यात काय एकत्र ठेवले, बिल कसे केले आणि खोक्याची ऑर्डर कोणत्या आठवड्यात दिली.

नोकरीत आठ-दहा वर्षे काढलेल्या आणि हात कलाकुसरीत चालणाऱ्या व्यक्तीला या धंद्यात एक मोठी सोय असते. जुने सहकारी आता पाच-सहा कंपन्यांत विखुरलेले असतात, कोणी एचआरमध्ये, कोणी अ‍ॅडमिनमध्ये, कोणी हिशेबात. ओळखीचा खरा उपयोग ऑर्डर मिळण्यापेक्षा माहिती मिळण्यासाठी होतो. भेटीचे पैसे कोणत्या खात्यातून निघतात, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. कर्मचाऱ्यांची भेट एचआर ठरवते आणि अ‍ॅडमिन विकत घेते. ग्राहकांची भेट विक्री किंवा मार्केटिंगच्या पैशातून जाते. तीस-चाळीस माणसांच्या कंपनीत मालक स्वतः नमुना हातात घेऊन बघतो. मागच्या वर्षी काय दिले आणि त्यातले काय लोकांनी टेबलावरच सोडून दिले, हे फक्त आतला माणूस सांगू शकतो. या एका प्रश्नाचे उत्तर दहा पानांच्या सुबक कॅटलॉगपेक्षा उपयोगी पडते.

सुरुवातीला पन्नास ते दीडशे माणसांची कंपनी सोयीची. त्याहून मोठ्या कंपनीत व्हेंडर नोंदणी, तीन कोटेशने, खरेदी विभागाची घासाघीस आणि साठ दिवसांची उधारी येते. त्या पातळीला ठोक व्यापारी टिकतो, घरून काम करणारा टिकत नाही. सरकारी कार्यालये आणि सार्वजनिक उपक्रम तर बाजूलाच ठेवलेले बरे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिवाळी आणि इतर सणांच्या भेटींवर सरकारी पैसा खर्च करू नये, अशा सूचनाच काढल्या.

ओळखीच्या दोन अडचणी आहेत, त्या आधीच सोडवाव्या लागतात. धंदा करणारी व्यक्ती अजून नोकरीत असेल तर स्वतःच्याच कंपनीला माल विकण्याआधी तसे लेखी कळवावे लागते, कारण बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीत हितसंबंधांबद्दल कलम असते आणि नंतर कळले तर नोकरीच धोक्यात येते. दुसरी अडचण अशी, की ओळखीचा माणूस भाव पाडून मागतो. त्याला सूट देण्यापेक्षा खोक्यातली एखादी वस्तू कमी करून किंमत उतरवावी. तोच माल कमी भावात दिला, की पुढच्या वर्षी तो भाव मूळ भाव ठरतो.

पुढचे सगळे विवेचन एका ऑर्डरभोवती मांडले आहे. पुण्यात बाणेरला १२० माणसांची एक कंपनी आहे असे समजू. तिला माणशी १,२०० रुपयांत खोके हवे आहे, आणि त्या १,२०० मध्ये कर आणि पोहोच दोन्ही धरलेले आहेत. "कर धरून" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ.

खोक्यात काय ठेवायचे हे ठरवताना कल्पकतेला पहिला लगाम हवामान घालते. महाराष्ट्रातली दिवाळी ऑक्टोबरच्या उकाड्याच्या शेपटावर येते. टेम्पोत दुपारभर राहिलेले चॉकलेट वितळते आणि रात्री पुन्हा घट्ट होताना त्यावर पांढुरका थर चढतो. ते खायला चालते, पण बुरशी आल्यासारखे दिसते आणि पहिली तक्रार तिथूनच येते. खव्याची मिठाई तर या धंद्यात धरूच नये. ती चार दिवसांचा पाहुणा असते आणि सुट्टीवर गेलेल्या कर्मचाऱ्याचे खोके ऑफिसात आठवडाभर पडून राहते.

उरतो सुका मेवा, तळलेला फराळ, वाळवलेली फळे आणि न खाण्याच्या वस्तू. बाणेरच्या खोक्यासाठी वेंगुर्ल्याकडचे काजू २०० ग्रॅम, भाजणीची चकली २०० ग्रॅम, आंबापोळी १०० ग्रॅम, एक लहान पितळी निरांजन आणि मातीच्या रंगवलेल्या दोन पणत्या अशी निवड केली, तर खाण्याचे आणि ठेवण्याचे प्रमाण जमते. एक वस्तू वर्षभर घरात राहणारी असावी. निरांजन पुढच्या दिवाळीलाही निघते, काजू चार दिवसांत संपतात. ठेवायची वस्तू निवडताना मात्र तिच्यावर मोठा लोगो छापण्याचा मोह टाळावा लागतो. देवासमोरच्या निरांजनावर कंपनीचे नाव कोणालाच नको असते. लोगो खोक्याच्या झाकणाला आणि आतल्या कार्डाला शोभतो. त्याचप्रमाणे लक्ष्मी-गणपतीची चित्रे वेष्टणावर छापू नयेत. वेष्टण शेवटी कचऱ्यात जाते, आणि देवाचे चित्र कचऱ्यात टाकताना अनेकांचा हात अडखळतो. शिवाय त्या १२० जणांत वेगवेगळ्या धर्मांची माणसे असतात. पणती सगळ्यांना चालते.

चकलीबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण फराळ हाच या खोक्याचा मराठी भाग आणि तोच सगळ्यात नाजूक. चांगल्या बचत गटाची चकली चव आणि भाव दोन्हीत बाजारच्या पाकिटापेक्षा सरस असते, पण ती दोन रीतींनी बिघडते. ती मोडते, आणि तिच्यातले तेल खवट होते. मोड टाळायला चकल्या थरांनी रचून डब्यात बसवाव्यात आणि वर मोकळी जागा राहू देऊ नये. खोके हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज आला तर पोहोचेपर्यंत चुरा झालेला असतो. खवटपणा नुसत्या चवीने पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून गणपतीनंतर त्याच बचत गटाकडून, त्याच तेलात तळलेली चार पाकिटे आणून घरातल्या उबदार कपाटात ठेवायची आणि दर आठवड्याला एक फोडून हुंगायचे. तिसऱ्या आठवड्यातही वास ताजा आला तर तळण आणि पाकीट दोन्ही ठीक. वास लागला तर बहुतेक वेळा दोष पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा असतो. जाड, आतून चकाकणारे लॅमिनेटेड पाकीट हवा आणि उजेड दोन्ही अडवते.

खाद्यपदार्थांची कागदपत्रे हा भाग कंटाळवाणा आहे, पण यात चूक झाली तर कंपनीचे अ‍ॅडमिन खोकी दारातून परत पाठवते. सोपी वाट अशी, की उत्पादकाने सील केलेले, लेबल लावलेले पाकीट जसेच्या तसे खोक्यात ठेवावे. त्या लेबलावर घटक, निव्वळ वजन, शाकाहाराची हिरवी खूण, बनवल्याची आणि वापराची मुदत आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो. हेच काजू ठोकात दहा किलो आणून सुंदर काचेच्या बरणीत स्वतः भरले, तर भरणारा स्वतः पॅकर ठरतो आणि वरचे सगळे लेबल त्याला आपल्या नावाने लावावे लागते. अन्नपदार्थ विकण्यासाठी हॅम्पर करणाऱ्याकडे एफएसएसएआयची नोंदणी दोन्ही प्रकारांत हवीच, पण दुसऱ्या प्रकारात जबाबदारी पूर्ण त्याची होते. बरणीचा मोह सुटत नसेल तर काजूचे सील पाकीट बरणीच्या आत ठेवता येते. दिसायला थोडे कमी, झोपेला पुष्कळ बरे.

वस्तू हातात आल्याशिवाय खोके मागवू नये. नवखे लोक नेमके उलटे करतात: आवडलेले खोके आधी घेतात आणि मग ते भरण्यासाठी वस्तू शोधतात, किंवा तळाशी कागदी भुसा कोंबतात. पाचही वस्तू टेबलावर मांडून त्यांच्याभोवती टेप धरावी. बाणेरच्या खोक्याला आतून ३० बाय २४ बाय १० सेंटिमीटर पुरते. चकलीचा डबा मध्ये, जड निरांजन पुठ्ठ्याच्या खाचेत, पणत्या एकमेकींना न लागता दोन कोपऱ्यांत.

खोक्याचे दोन प्रकार असतात. कडक पुठ्ठ्याचे, वर कागद चिकटवलेले रिजिड खोके भारदस्त दिसते आणि लोक ते नंतर कपाटात वापरतात. पण ते घडी होत नाही. अशी सव्वाशे खोकी रिकामीच जवळजवळ एक घनमीटर जागा खातात, म्हणजे दोन खोल्यांच्या घरात हॉल बंद. घडीचे खोके सपाट येते, स्वस्त पडते, पण दोनशे ग्रॅमचा चकलीचा डबा आणि पितळ धरून त्याचा तळ सैल पडू शकतो. पुण्यात रविवार पेठेच्या बोहरी आळीत आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर तयार खोकी मिळतात. छापील हवे असेल तर मात्र कारखानदाराकडे जावे लागते आणि तो ठरावीक संख्येच्या खाली छपाई धरत नाही. सोनेरी फॉइलमध्ये लोगो छापायचा तर त्याचा वेगळा धातूचा ठसा करावा लागतो. कंपनीकडून लोगो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्राच्या रूपात येतो आणि मोठा केला की कडा फाटतात. मूळ वेक्टर फाइल मागावी. रंग लॅपटॉपच्या पडद्यावर मंजूर करून घेऊ नये. कागदावर छापलेला एक नमुना त्यांच्या ऑफिसात नेऊन, त्यांच्या उजेडात दाखवून, त्यावर सही घ्यावी. "आमचा निळा हा नव्हे" ही तक्रार १२० खोकी छापल्यावर येते तेव्हा त्या सहीशिवाय दुसरा आधार नसतो.

आता भाव. पुढचे आकडे एका ऑर्डरचे उदाहरण म्हणून धरले आहेत. काजूचा भाव तर आठवड्यागणिक हलतो. हे सगळे करापूर्वीचे दर आहेत, कारण जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला खरेदीवरचा कर वळता मिळतो. खोके १३५ रुपये, काजू १९०, चकली ९५, आंबापोळी ७०, निरांजन १६०, पणत्यांची जोडी ३०, कार्ड १२, फीत, कागदी भुसा आणि खाच मिळून २८. एकूण ७२०. फुटतूट आणि ऐन वेळी वाढणारी नावे धरून वस्तू पाच टक्के जास्त घ्याव्या लागतात, त्याचे ३६. बाहेरच्या मोठ्या खोक्याचा वाटा १४, भरणाऱ्या बायकांची मजुरी २५, टेम्पो ३०. म्हणजे खोके ८२५ रुपयांना पडले.

कंपनीचे १,२०० कर धरून आहेत. खोक्यातल्या सगळ्या वस्तू ५ टक्के कराच्या गटातल्या असतील तर करापूर्वीची किंमत १,१४३ होते. खर्च वजा जाता ३१८ रुपये उरतात, १२० खोक्यांचे साधारण ३८,०००. यातून नमुने, पेट्रोल, फोन आणि स्वतःचे दीड महिन्याचे डोके जायचे आहे, पण आकडा वाईट नाही.

मग कंपनीतून फोन येतो: "एक छोटी डायरी टाकता येईल का, आमच्या लोगोची? बजेट तेच." डायरी ६० रुपयांची. नवखा माणूस ३१८ मधून ६० वजा करतो आणि हो म्हणतो. इथे या धंद्यातला सगळ्यात महागडा खड्डा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा सुका मेवा, चॉकलेट, फरसाण आणि पुष्कळ हस्तकला वस्तू ५ टक्क्यांत आल्या, डायरी मात्र १८ टक्क्यांतच राहिली. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून एका किमतीला विकल्या तर कायदा त्याला मिश्र पुरवठा म्हणतो, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा दर संपूर्ण खोक्याला लागतो. केंद्रीय जीएसटी कायद्याने या व्याख्येला दिलेले उदाहरणच मुळी मिठाई, चॉकलेट, केक, सुका मेवा, सरबते अशा एकत्र पाकिटाचे आहे, म्हणजे हॅम्परचे. डायरी आत गेली की काजूपासून पणतीपर्यंत सगळ्यांवर १८ टक्के. १,२०० मधून १८ टक्के कर काढला की किंमत १,०१७ उरते. खर्च डायरी आणि तिची फुटतूट धरून ८८८. हाती राहतात १२९ रुपये, एकूण १५,५०० च्या आसपास. साठ रुपयांच्या डायरीने ३८,००० चे १५,५०० केले, आणि त्यातला मोठा वाटा डायरीच्या किमतीचा नाही, कराचा आहे.

त्याच उदाहरणात वाट अशी आहे. याच व्याख्येत पुढे म्हटले आहे, की वस्तू वेगवेगळ्या विकल्या तर तो मिश्र पुरवठा होत नाही. म्हणून डायरी खोक्याच्या बाहेर ठेवायची, तिची स्वतंत्र किंमत ठरवायची, कोटेशनमध्ये आणि बिलावर तिची वेगळी ओळ लावायची. कर धरून डायरी १०० आणि खोके १,१०० असे केले तर विक्रेत्याच्या हाती सुमारे २९,००० राहतात. हे दाखवण्यापुरते नको, परचेस ऑर्डरमध्येही तशा दोन ओळी हव्यात, आणि पहिल्या वर्षी एकदा सीएला दाखवून घ्यावे. व्हॅक्यूम फ्लास्कचेही असेच आहे. तोसुद्धा १८ टक्क्यांत मोडतो आणि कंपन्यांना तोही फार आवडतो.

कंपनी "कर धरून" का बोलते, याचेही कारण कायद्यात आहे. एरवी कंपनी खरेदीवरचा जीएसटी वळता करून घेते, पण भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवरचा कर तिला वळता मिळत नाही. तिच्या दृष्टीने कर हा खर्चच असतो. म्हणून हॅम्परच्या कोटेशनमध्ये शेवटचा, सगळे धरून होणारा आकडा आधी लिहावा. "अधिक जीएसटी" लिहिलेले कोटेशन स्वस्त दिसते आणि मंजुरीच्या वेळी अडकते. डीलर आणि वितरकांना दिलेल्या भेटींचे आणखी वेगळे आहे. एकाच व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त किमतीचे लाभ गेले तर देणाऱ्या कंपनीला त्यावर १० टक्के टीडीएसचा विचार करावा लागतो. ही तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. महागडा हॅम्पर सुचवताना हा प्रश्न तिकडून येणारच.

दिवाळी इंग्रजी तारखेने येत नाही, आणि हॅम्परचे वेळापत्रक मागच्या वर्षीच्या डायरीवरून लावणारा फसतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण पुढे सरकले आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी पडते. तिथून मागे मोजायचे. धनत्रयोदशी शुक्रवारी, ६ तारखेला. गावी जाणारी माणसे बुधवार-गुरुवारपासूनच निघतात. म्हणजे खोकी शुक्रवार ३० ऑक्टोबर ते सोमवार २ नोव्हेंबर या काळात ऑफिसात पोहोचायला हवीत. चकली त्याआधीच्या आठवड्यात तळायची, त्याहून आधी नाही. रिकामी खोकी १७ ऑक्टोबरपर्यंत घरात हवीत, कारण दसरा २० तारखेला आहे आणि त्या दोन-तीन दिवसांत कारखाने, टेम्पोवाले आणि मजूर कोणी हाताशी नसते. खोके बनवणाऱ्याला तीन आठवडे दिले तर त्याची ऑर्डर २५ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीला, निश्चित झालेली हवी. याचा अर्थ नमुना गणपतीच्या आधी मंजूर व्हायला हवा आणि पहिले बोलणे ऑगस्टमध्ये. पितृपक्षात काही मालक नवी खरेदी करत नाहीत. पंधरवडा सुरू होण्याआधी ऑर्डर कागदावर आली, की तो काळ छपाईला निवांत मिळतो.

प्रत्यक्षात कंपन्या दसऱ्यानंतर जाग्या होतात आणि "पंधरा दिवसांत होईल ना?" असे विचारतात. तेव्हा छापील रिजिड खोके शक्य नसते. अशा ग्राहकांसाठी तयार, साध्या रंगाच्या खोक्यांचा एक साठा आणि त्यावर गुंडाळायची छापील कागदी पट्टी हा उपाय चांगला. पट्टी तीन दिवसांत छापून येते आणि उरलेली साधी खोकी संक्रांतीला तिळगुळाच्या भेटींसाठी चालतात. वर्ष छापलेले खोके मात्र ९ नोव्हेंबरला रद्दी होते. म्हणून "दिवाळी २०२६" हे शब्द खोक्यावर छापू नयेत, कार्डावर छापावेत.

भरणीचा दिवस बाहेरून वाटतो त्यापेक्षा कारखान्यासारखा असतो. लांब टेबलावर १२० खोकी उघडी मांडून प्रत्येक बाईने एकच वस्तू ठेवत पुढे जायचे. एकीने एक खोके पूर्ण भरायचे असे केले तर प्रत्येकीचे खोके वेगळे दिसते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एखादी वस्तू राहून जाणे, आणि ती झाकण लावल्यावर दिसत नाही. त्याला साधा उपाय आहे. नीट भरलेल्या पाच खोक्यांचे वजन करून सरासरी काढायची, समजा १,०३० ग्रॅम. मग प्रत्येक बंद खोके स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचे. पितळी निरांजन १२० ग्रॅमचे असेल तर ९१० च्या आसपासचा आकडा लगेच ओरडून सांगतो की निरांजन राहिले. मातीच्या पणत्यांची वजने थोडी मागेपुढे असतात, तेवढी सूट धरावी. ज्या कर्मचाऱ्याच्या खोक्यात निरांजन नाही, तो शेजारच्याचे खोके बघतोच, आणि मग प्रश्न एका निरांजनाचा राहत नाही, कंपनीने दुजाभाव केल्याचा होतो.

पोहोच ऑफिसात असेल तर टेम्पो आणि एक मदतनीस पुरतो. लिफ्ट किती वाजता मिळते आणि गेटपास कोण करते हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. त्रास घरून काम करणाऱ्यांचा. बाणेरच्या १२० पैकी ३० जण नागपूर, बंगळूर, इंदूरला असतील तर त्यांचे खोके कुरिअरने जाते आणि कुरिअरवाला खऱ्या वजनाऐवजी आकारमानाचे वजन लावू शकतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचे. बाहेरचे संरक्षक खोके ३२ बाय २६ बाय १२ असेल तर हिशेब जवळजवळ दोन किलोचा होतो, आतला माल एक किलोचा असला तरी. टेम्पोचे ३० रुपये इथे कितीतरी पटीने वाढतात. कोटेशनमध्ये बाहेरगावचा दर वेगळा लिहिला नसेल तर तो नफ्यातून जातो. बाहेरगावच्या खोक्याला पाच थरांचा नालीदार पुठ्ठा वापरावा आणि पाठवण्याआधी एक खोके कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट असे टाकून बघावे. पणती फुटली तर ३० ठिकाणी फुटणार. पत्त्यांच्या एक्सेलमध्ये पिनकोड आणि फोन दोन्ही नसलेल्या ओळी आधीच परत पाठवाव्यात. परराज्यात माल विकायचा तर उलाढालीची मर्यादा न बघता जीएसटी नोंदणी लागते, हेही इथेच लक्षात घ्यावे. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, पण काजू-चकलीला नाही.

पैसे शेवटी येतात आणि खर्च आधी होतो. या ऑर्डरचे बिल १,४४,००० चे. निम्मी रक्कम आगाऊ मागितली तर ७२,००० मिळतात, पण खर्च जवळपास ९९,००० आणि त्यावरचा कर असा आधीच होतो, कारण खोकेवाला आणि काजूवाला नव्या माणसाला उधार देत नाहीत. तीस हजारांच्या आसपासची तूट स्वतःची घालावी लागते. अशा तीन ऑर्डरी एकाच महिन्यात आल्या की यश हीच अडचण होते. शिवाय बिल ऑक्टोबरमध्ये केले तर त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरावा लागतो, कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणून आगाऊ ६० ते ७० टक्के आणि बाकी पोहोचीच्या वेळी, असे लहान कंपन्यांकडून निर्धास्त मागावे. ओळखीचा माणूस हिशेब खात्यात असेल तर त्याला एवढेच विचारायचे असते, की पेमेंट कोणत्या वारी निघते आणि बिलासोबत काय काय लागते: परचेस ऑर्डरचा क्रमांक, सही-शिक्क्याचे डिलिव्हरी चलन, रद्द केलेला धनादेश. यातला एक कागद कमी पडला तर बिल महिनाभर पडून राहते.

उशिरा पैसे देणाऱ्या कंपनीविरुद्ध २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याचा आधार आहे, असे सांगितले जाते. त्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण यात एक बारीक अडचण आहे. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या पैशांचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. तयार वस्तू विकत घेऊन नुसत्या खोक्यात मांडणारा उत्पादक की व्यापारी, यावर समोरची कंपनी वाद घालू शकते. पणत्या स्वतः रंगवणारा, खोक्यांचे आरेखन आणि छपाई करून घेणारा, उद्यम नोंदणीत तसे काम नोंदवणारा माणूस जास्त भक्कम पायावर उभा असतो, आणि त्याच्याकडे त्याचे कागद असले तर आणखी.

दिवाळीचा पैसा हाती आला की उरलेल्या महिन्यांचा प्रश्न येतो. राखी, गणपती, संक्रांत, ८ मार्चचा महिला दिन यांच्या ऑर्डरी येतात, पण लहान. खरा स्थिर धंदा नव्या कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवशी द्यायच्या किटचा असतो. त्यात फराळ नाही, हवामान नाही, तिथी नाही. दर महिन्याला दहा-पंधरा खोकी, तीच वही, तीच बाटली, तेच कार्ड. कल्पकता दाखवायला त्यात फारसा वाव नसतो, पण त्याच निमित्ताने अ‍ॅडमिनशी महिन्यातून एकदा बोलणे होते आणि पुढच्या दिवाळीचे बजेट कधी मंजूर व्हायचे आहे ते जुलैमध्येच कळते.